पळालेल्या माणसाचा दर आणि कलम ६४ : परराष्ट्र मंत्रालयांच्या विधी सल्लागारांना खुले पत्र

परराष्ट्र मंत्रालयांच्या करार विभागांत काम करणाऱ्या सर्व विधी सल्लागारांस,

सविनय नमस्कार.

मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. करारांचा कायदा शिकवताना दरवर्षी एक जुना तह वर्गात वाचून घेते आणि तो वाचून झाल्यावर मुले काही वेळ बोलत नाहीत. हे पत्र त्या तहाविषयी आहे. ते आपल्याला लिहिण्याचे कारण असे की अशा कागदांचे काय करायचे हे न्यायालयांच्या खूप आधी आपल्या टेबलावर ठरते, किंवा ठरायचे राहून जाते.

सुरिनाममध्ये नदीच्या वरच्या खोऱ्यात सारामाका लोक राहतात. डचांच्या मळ्यांवरून पळून रानात शिरलेल्या आफ्रिकी गुलामांचे ते वंशज. त्यांच्या पूर्वजांनी वसाहत सरकारशी अनेक दशके लढा दिला आणि १९ सप्टेंबर १७६२ रोजी त्यांच्याशी तह झाला. सुरिनाममधली गुलामी कायद्याने संपायला तेव्हा आणखी शंभर वर्षे लागणार होती, म्हणजे मळ्यांवरची माणसे अजून गुलामच होती आणि अजूनही पळत होती. म्हणून या तहात सारामाका लोकांनी एक गोष्ट कबूल केली. यापुढे मळ्यांवरून जो कुणी पळून येईल त्याला पकडायचे आणि गव्हर्नरच्या ताब्यात द्यायचे, आणि त्याबद्दल गव्हर्नर माणशी १० ते ५० फ्लोरिन देणार. रक्कम अंतरावर ठरत असे: पळालेला माणूस जितका लांब सापडला, तितका दर जास्त. दुसऱ्या एका कलमाने सारामाका लोकांना त्यांच्या हाती लागलेले इतर कैदी डचांना गुलाम म्हणून विकण्याची मुभा दिली.

त्या दरपत्रकापाशी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. त्यावर दोन पक्षांची संमती आहे, मोबदला ठरलेला आहे, अटी स्पष्ट आहेत आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणे त्यात बेकायदा काही नव्हते. १७१३ मध्ये ब्रिटनने स्पेनकडून तीस वर्षे दरसाल ४,८०० गुलाम अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींना पुरवण्याचा मक्ता रीतसर करारानेच मिळवला होता. अशा तहांत फक्त एका माणसाची संमती नसते, आणि तो म्हणजे ज्याच्यासाठी ते १० किंवा ५० फ्लोरिन मोजले जातात तो माणूस. दोन पक्ष एकमेकांना असे काही देतात जे दोघांपैकी कुणाचेच नसते. जस कोजेन्स, म्हणजे ज्यांना आपण अलंघ्य नियम म्हणतो, त्यांचे सगळे तर्कशास्त्र माझ्या मते या एका जागी उभे आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यातील बहुतेक नियम बाजूला ठेवता येतात. वकिलातीसाठी आणलेल्या सामानावर जकात घ्यायची की नाही याबद्दल सर्वसाधारण नियम काहीही असला, तरी दोन देश आपापसांत वेगळे ठरवू शकतात, कारण त्या नियमाने जे मिळते ते त्यांचेच असते आणि सोडायचे तर तेच सोडणार. काही नियम मात्र राज्यांच्या परस्पर देवघेवीच्या बाहेरचे असतात. करारांच्या कायद्यावरील १९६९ च्या व्हिएन्ना अभिसंधीच्या कलम ५३ ने त्यांची कसोटी सांगितली आहे: ज्या नियमाला अपवाद करता येत नाही आणि जो केवळ त्याच दर्जाच्या नंतरच्या नियमानेच बदलता येतो, असे राज्यांच्या समग्र आंतरराष्ट्रीय समुदायाने स्वीकारलेले आणि मानलेले आहे, तो अलंघ्य नियम. अशा नियमाशी विसंगत करार केला, तर तो केला त्या क्षणापासूनच शून्य. कसोटीतला ‘समग्र’ हा शब्द काहींना तेव्हाच खुपला होता. परिषदेत अभिसंधीच्या विरोधात पडलेले एकमेव मत फ्रान्सचे होते, आणि त्यामागचे कारण हीच तरतूद होती. समग्र म्हणजे प्रत्येक राज्य असे नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या निष्कर्षांत राज्यांचे फार मोठे आणि प्रातिनिधिक बहुमत अपेक्षिले आहे, आणि एकट्यादुकट्या राज्याचा नकार नियमाच्या आड येत नाही.

त्याच निष्कर्षांच्या परिशिष्टात आयोगाने यापूर्वी अलंघ्य म्हणून उल्लेखलेल्या नियमांची यादी जोडली आहे, आणि ती संपूर्ण नाही हे स्वतःच सांगितले आहे. आक्रमण, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, वंशभेद व अपार्थाइड, गुलामी आणि छळ यांना असलेली बंदी, युद्धातील मानवतावादी कायद्याचे मूलभूत नियम आणि लोकसमूहांचा स्वयंनिर्णयाचा हक्क, असे आठ नियम त्यात आहेत. यांतील काहींवर आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही स्पष्ट मोहोर उमटवली आहे: वंशसंहाराच्या बंदीवर २००६ मध्ये काँगो विरुद्ध रवांडा खटल्यात, छळाच्या बंदीवर २०१२ मध्ये बेल्जियम विरुद्ध सेनेगल खटल्यात, आणि परकीय ताब्याच्या परिस्थितीतील स्वयंनिर्णयाच्या हक्कावर २०२४ च्या सल्लागारी मतात.

आता पुन्हा सारामाकांकडे येते. तो तह न्यायालयापुढे आला, पण गुलामीच्या वादातून नव्हे. ३१ डिसेंबर १९८७ रोजी अत्योनी या ठिकाणी सुरिनामच्या सैनिकांनी वीसहून अधिक निःशस्त्र पुरुषांना बंडखोर असल्याच्या संशयावरून मारहाण केली. त्यांतील सात जणांना लष्करी वाहनात घालून नेले, वाटेत उतरवले, हातात फावडी दिली आणि खणायला लावले. एकाने पळायचा प्रयत्न केला, तो गोळी लागून पडला, आणि उरलेल्या सहांना तिथेच ठार करण्यात आले. पळणारा जखमी अवस्थेत सापडला आणि पुढे तोही दगावला. सुरिनामने १९९१ मध्ये जबाबदारी मान्य केली. त्यामुळे आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापुढे प्रश्न उरला तो भरपाई किती आणि कुणाला, एवढाच. या खटल्याला अलुबुतु खटला म्हणतात.

भरपाईच्या या टप्प्यावर आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने १७६२ चा तह पुढे केला. त्याचे म्हणणे असे की या तहाने सारामाका लोकांना अंतर्गत स्वायत्तता आणि आपल्या कायद्यांप्रमाणे चालण्याचा अधिकार मिळालेला आहे, म्हणून वारस कोण हे त्यांच्या रूढीने ठरवावे आणि जमातीची झालेली हानीही मोजावी. न्यायालयाने १० सप्टेंबर १९९३ च्या निकालात तह उघडून वाचला, आणि त्याला दिसले ते दरपत्रक. न्यायालयाने म्हटले की हा दस्तऐवज आंतरराष्ट्रीय करार आहे की नाही हे तपासण्याचीही गरज नाही, कारण तो तसा असता तरी नंतर उदयास आलेल्या अलंघ्य नियमांशी विसंगत असल्यामुळे आज शून्यच ठरला असता, आणि अशा स्वरूपाचा करार मानवी हक्क न्यायालयापुढे आधार म्हणून मांडताच येणार नाही.

हा निकाल बहुतेक ठिकाणी अलंघ्य नियमांचा विजय म्हणून शिकवला जातो. मीही कित्येक वर्षे तसाच शिकवला. आज मला त्यात एक दुखरी जागा दिसते, आणि आपले लक्ष मला तिकडेच वेधायचे आहे.

तह शून्य ठरला तेव्हा नुकसान कुणाचे झाले, हे पाहावे. गुलाम पकडून देण्याच्या कलमावर १९९३ मध्ये कुणी हक्क सांगत नव्हते. सुरिनाम सरकार ते कलम मागत नव्हते आणि सारामाकाही मागत नव्हते. त्या कागदातून काही मागितले जात होते तर ते एवढेच, की ज्या लोकांच्या माणसांना खड्डे खणायला लावून मारले त्यांना स्वतःचा कारभार आणि स्वतःची रूढी आहे हे मान्य करावे. मेलेल्या कलमासोबत जिवंत कलमही गेले. ज्या नियमाचा जन्म पकडल्या जाणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी झाला, त्या नियमाचा घाव पळून आलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या दाव्यावर बसला.

असे होणे अपरिहार्य होते का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते अभिसंधीच्या मजकुरातूनच निघते. विसंगतीचे दोन प्रकार आहेत. करार करतानाच अलंघ्य नियम अस्तित्वात असेल तर कलम ५३ लागू होते. करार आधी झाला आणि नियम नंतर उदयास आला तर कलम ६४ लागू होते, आणि करार त्या वेळेपासून शून्य होऊन संपुष्टात येतो. हे दोन्ही प्रकार परिणामांत सारखे नाहीत. कराराचा काही भाग वेगळा काढून उरलेला टिकवता येतो का, हे कलम ४४ सांगते, आणि त्याच्या पाचव्या परिच्छेदाने ती सोय कलम ५१, ५२ आणि ५३ यांच्या बाबतीत नाकारली आहे. कलम ६४ चा तिथे उल्लेख नाही. ही नजरचूक नाही, त्यामागे विचार आहे. अलंघ्य नियम माहीत असताना जे त्याविरुद्ध करार करतात त्यांना उरलेल्या कागदाचा फायदा मिळू नये, हे रास्तच. पण ज्यांनी करार केला तेव्हा नियमच नव्हता, त्यांचा सगळा व्यवहार एका कलमापायी पुसून टाकण्याचे कारण नाही. २०२२ च्या निष्कर्षांतही आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने हाच फरक ठेवला आहे: नंतर आलेल्या नियमामुळे करार संपूर्णपणे शून्य होतो, मात्र विसंगत तरतुदी अंमलबजावणीच्या दृष्टीने उरलेल्या करारापासून वेगळ्या करता येत असतील, त्या तरतुदी संमतीचा अत्यावश्यक पाया नसतील आणि उरलेला करार पाळणे अन्यायाचे होणार नसेल, तर तेवढाच भाग गळतो.

ही कसोटी १७६२ च्या तहाला लावून पाहिली, तर पहिली अट सहज पूर्ण होते. पळालेल्यांना परत देण्याची तरतूद काढली तरी शांतता आणि स्वतःचा कारभार ही कलमे आपापली चालू शकतात. तिसऱ्या अटीचीही अडचण नाही, उलट उरलेला तह न पाळणे हाच अन्याय झाला असता. खरी अवघड आहे ती दुसरी अट. डचांना तो तह हवा होता तो काही अंशी तरी पळवाट बंद करण्यासाठीच, असे कुणी म्हणू शकेल, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो युक्तिवाद पोकळ नाही. पण त्यावर निर्णय व्हायला हवा होता. निकालात ती कलमे वेगळी करता येतील का याचा विचारच दिसत नाही. न्यायालयाने शेवटी सारामाकांच्या रूढीनुसारच वारस ठरवले, पण त्यासाठी वेगळाच पाया घेतला: त्या भागात सुरिनामचा कौटुंबिक कायदा प्रत्यक्षात चालत नव्हता. माणसांना न्याय मिळाला. तहाला मिळाला नाही. पुढे २००७ च्या सारामाका निकालात त्यांच्या सामूहिक जमिनीचा हक्क मान्य झाला तोही अमेरिकी मानवी हक्क अभिसंधीतील मालमत्तेच्या कलमावर.

येथे एक तांत्रिक आक्षेप येईल, तो आधीच नोंदवते. व्हिएन्ना अभिसंधी २७ जानेवारी १९८० रोजी अमलात आली आणि कलम ४ प्रमाणे ती मागच्या करारांना लागू होत नाही, मग १७६२ च्या कागदाला कलम ६४ कसे लावणार? उत्तर असे की अलंघ्य नियमाचा वरचष्मा अभिसंधीने निर्माण केलेला नाही, तिने तो शब्दांत मांडला. १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथील अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणापुढे क्रुप या जर्मन शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या प्रमुखांवरचा खटला चालला, तेव्हा अभिसंधीचा पत्ताही नव्हता. फ्रेंच युद्धकैद्यांना जर्मन शस्त्रकारखान्यांत राबवण्याला विशी सरकारची, म्हणजे जर्मनीपुढे शरण गेलेल्या फ्रान्सच्या सरकारची, करारानेच मान्यता होती, असा बचाव तिथे घेण्यात आला. असा करार झाल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि झाला असला तरी तो उघडउघड नीतीविरुद्ध म्हणून शून्यच, असे न्यायाधिकरणाने सांगितले. इथेही तेच दिसते. दोन सरकारांची संमती आहे, आणि ज्याने तोफा घडवायच्या त्या कैद्याला कुणी विचारलेले नाही.

आणखी एक भेद आपण नक्की जाणता, तरी तो वाचकांसाठी सांगते. शून्य ठरल्यावर मागचे काय, याचे उत्तर कलम ७१ देते. सुरुवातीपासूनच शून्य असलेल्या करारात, त्यावर विसंबून केलेल्या कृत्यांचे परिणाम शक्य तितके पुसून टाकायचे आणि आपसातले संबंध नियमाशी सुसंगत करायचे. नंतर शून्य झालेल्या करारात, आधी निर्माण झालेले हक्क आणि परिस्थिती टिकतात, पण त्या पुढे चालू ठेवणे नव्या नियमाच्या विरुद्ध जात नसेल तेवढ्याच मर्यादेत. म्हणजे १७७० साली कुणी ५० फ्लोरिन घेतले असतील तर या कलमाने ते परत मागता येत नाहीत, पण त्या पैशाने मिळालेला माणसावरचा मालकीहक्क बंदी उदयास आल्यानंतर एक दिवसही टिकत नाही. बंदी नेमकी कोणत्या दिवशी या दर्जाला पोचली, हे सांगता येणार नाही. १८१५ च्या व्हिएन्ना घोषणेने गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, १९२६ च्या अभिसंधीने गुलामी नष्ट करण्याचे बंधन घातले, १९७० मध्ये बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने गुलामीपासून संरक्षण हे सगळ्या राज्यांप्रती असलेले दायित्व म्हटले. नियम असाच चढत गेला, आणि चढताना कुणी तारीख टाकली नाही.

म्हणूनच आपली गरज आहे. शून्यता आपोआप येते असे पुस्तकात असते, पण व्यवहारात ती कुणीतरी मांडावी लागते. कलम ६५ प्रमाणे कराराच्या पक्षाने दुसऱ्या पक्षाला कारणांसह लेखी कळवायचे, हरकतीसाठी सर्वसाधारणपणे किमान तीन महिने द्यायचे, आणि वाद मिटला नाही तर कलम ६६ प्रमाणे कोणताही पक्ष आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाऊ शकतो. हा मार्ग पक्षांसाठी आहे. पकडला जाणारा माणूस त्यात कुठेच नाही. आपण फाइल उघडली नाही, तर ती दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही.

अलंघ्य नियम सगळी दारे उघडतो असेही मी म्हणत नाही, आणि आपल्यापैकी कुणी तसे मानू नये. २००६ च्या काँगो खटल्यात वंशसंहाराची बंदी अलंघ्य असल्याचे सांगून न्यायालय पुढच्याच पावलावर म्हणाले की तेवढ्याने त्याला अधिकारक्षेत्र मिळत नाही. २०१२ च्या जर्मनी विरुद्ध इटली खटल्यात, युद्धकाळात सक्तीने राबवलेल्यांच्या दाव्यांनाही परकीय राज्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयांपासून असलेल्या संरक्षणाची भिंत ओलांडता आली नाही, कारण एक नियम काय करू नये हे सांगतो आणि दुसरा कुठल्या न्यायालयात खेचता येईल हे सांगतो, म्हणून दोघांत विसंगतीच नाही, असे न्यायालयाने मानले. हा दुसरा निकाल मला पटलेला नाही, पण तो आहे. करारावरचा वरचष्मा ही या नियमांची सर्वांत निश्चित ताकद आहे, आणि म्हणूनच ती नेमकेपणाने वापरली पाहिजे.

माझ्या विनंत्या तीनच आहेत. जुन्या द्विपक्षीय करारांची छाननी आपण करताच. तेव्हा माणसे ताब्यात देणे, सक्तीने कामाला लावणे किंवा एखाद्या लोकसमूहाच्या प्रदेशावर परस्पर व्यवहार करणे यांविषयीची कलमे सापडली, तर ती निरुपयोगी झाली आहेत म्हणून तशीच न सोडता दुसऱ्या पक्षासोबत संयुक्त लेखी नोंद करावी, आणि त्या नोंदीत कोणते कलम गळले आणि कोणती कलमे चालू आहेत हे क्रमांकासह लिहावे. हे लिहिताना आधी कलम ५३ की ६४, हा प्रश्न सोडवावा, कारण उरलेल्या कराराचे जगणे त्यावर अवलंबून आहे. नव्या मसुद्यांत अशी विसंगती सहसा शब्दांत दिसत नाही. प्रत्यार्पण करारात ‘छळ करावा’ असे कुणी लिहीत नाही, ती अंमलबजावणीत उगवते. तिथे अख्खा करार शून्य म्हणण्याआधी शब्दांचा अर्थ अलंघ्य नियमाशी जुळेल असा लावावा, आणि ती वाट मसुद्यातच एका वाक्याने मोकळी ठेवावी.

आणि ज्या करारात एका बाजूला आदिवासी किंवा वसाहतीतले लोक आहेत, तिथे कोणतेही कलम मेलेले म्हणून जाहीर करण्याआधी त्या लोकांच्या आजच्या प्रतिनिधींना विचारावे. १७६२ मध्ये पळून येणाऱ्याला कुणी विचारले नव्हते. १९९३ मध्ये तह संपूर्ण शून्य म्हणताना, त्यातले काय टिकावे असे सारामाकांना वाटते, हा प्रश्नही निकालात कुठे आलेला नाही.

आपली विश्वासू,
आंतरराष्ट्रीय कायद्याची एक अध्यापिका